गळलेला ‘नो’ आणि बदललेली बाजू: रेडिओलॉजीच्या रिपोर्टमधल्या दोन चुका

मूतखड्याच्या संशयावरून एका रुग्णाचा पोटाचा सीटी स्कॅन होतो. तक्रार डाव्या कुशीत दुखण्याची. रेडिओलॉजिस्ट चित्रं बघतो, हातातल्या माइकचं बटण दाबतो आणि बोलू लागतो. त्याला दिसतंय ते अगदी स्पष्ट आहे. डाव्या मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी ७ मिलिमीटरचा खडा अडकलाय आणि त्याच्यामागे लघवी तुंबून डावी किडनी फुगली आहे. उजवी किडनी ठीक आहे. तिच्यात खडाही नाही आणि फुगवटाही नाही.

सही होऊन बाहेर पडलेल्या रिपोर्टमध्ये डाव्या किडनीचं वर्णन बरोबर आहे. पण उजव्या किडनीबद्दल छापलंय, ‘राइट किडनी इज नॉर्मल इन साइज. हायड्रोनेफ्रोसिस ऑर कॅल्क्युलस.’ हायड्रोनेफ्रोसिस म्हणजे लघवी तुंबून आलेला किडनीचा फुगवटा आणि कॅल्क्युलस म्हणजे खडा. आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे बहुतेक डॉक्टर जिथे आधी नजर टाकतात त्या ‘इम्प्रेशन’ नावाच्या निष्कर्षात, ‘सेव्हन मिलिमीटर कॅल्क्युलस इन द राइट डिस्टल युरेटर.’

उदाहरण मी समजावण्यासाठी रचलं आहे, पण या कामातल्या कुणालाही त्यातल्या दोन्ही चुका ओळखीच्या वाटतील. एका जागी ‘नो’ गळलाय, दुसऱ्या जागी डाव्याचं उजवं झालंय. यात मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती या दोन चुका एकमेकींना साक्ष देतात याची. ‘नो’ गळल्यामुळे उजवी किडनी फुगल्यासारखी वाचली जाते आणि इम्प्रेशनमध्ये खडाही उजवीकडेच सांगितलाय. घाईत वाचणाऱ्याला चित्र पुरेसं सुसंगत वाटतं, आणि मग वरच्या परिच्छेदातल्या खऱ्या ‘लेफ्ट’कडे त्याचं लक्ष जाईलच असं नाही.

दोन्ही चुकांचा परिणाम सारखाच गंभीर असला, तरी त्यांचा जन्म वेगवेगळ्या ठिकाणी होतो. तो कुठे होतो हे कळलं, की त्या पकडायच्या रीती वेगळ्या का ठेवाव्या लागतात तेही कळतं.

आधी ‘नो’चं बघू. पूर्वी रेडिओलॉजिस्ट टेपवर बोलायचे आणि टायपिस्ट ऐकून टाइप करायचे. आता बऱ्याच ठिकाणी बोललेलं थेट संगणकच अक्षरांत उतरवतो. त्यासाठी हातात धरायचा माइक असतो आणि त्यावर बटण असतं. बटण दाबल्यावर ध्वनिमुद्रण सुरू होतं. माणूस मात्र बोलायला कधीकधी बटणाच्या अर्धा क्षण आधीच सुरुवात करतो. तेवढ्यात जे निघून जातं ते वाक्याचं पहिलं अक्षर किंवा पहिला शब्द असतो. इंग्रजी रिपोर्टमधली नकारार्थी वाक्यं सुरू कशी होतात पाहा: ‘नो फ्रॅक्चर’, ‘नो फ्री फ्लुइड’, ‘नो हायड्रोनेफ्रोसिस’. ज्या एका शब्दावर वाक्याचा अर्थ टांगलेला, तोच शब्द नेमका सगळ्यात धोक्याच्या जागी उभा असतो. त्यात तो एका मात्रेएवढा, पटकन उच्चारला जाणारा शब्द. खोलीत कुणी बोलत असेल, माइक तोंडापासून लांब असेल, बोलणारा थकलेला असेल, तर आधी तोच बुडतो.

इथे आपल्या भाषेशी तुलना केली की गोष्ट चटकन उलगडते. मराठीत आपण म्हणू, ‘उजव्या किडनीत खडा दिसत नाही.’ यातला ‘नाही’ खोडा. उरतं, ‘उजव्या किडनीत खडा दिसत.’ वाक्य लंगडं पडतं आणि कुणाच्याही कानाला खटकतं, कारण आपल्याकडे नकार क्रियापदाला चिकटून येतो आणि तो काढला की क्रियापदच अधुरं राहतं. इंग्रजीत ‘देअर इज नो एव्हिडन्स ऑफ फ्रॅक्चर’ मधला ‘नो’ काढला तर ‘देअर इज एव्हिडन्स ऑफ फ्रॅक्चर’ असं धडधाकट, व्याकरणशुद्ध वाक्य उरतं. शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम त्यावर लाल रेघ ओढत नाही. ओढेल कशावर? एकही शब्द चुकीचा नाही.

आवाजावरून मजकूर लिहिणारा प्रोग्राम दुसऱ्या तऱ्हेनेही फसतो. कानावर आलेला आवाज आणि आजूबाजूचे शब्द यांवरून इथे कोणता शब्द असण्याची शक्यता जास्त, असा त्याचा हिशेब चालतो. ‘नॉट’ आणि ‘नाउ’ घाईत बोलले तर फार वेगळे राहत नाहीत. ‘फ्रॅक्चर लाइन इज नॉट सीन’ आणि ‘फ्रॅक्चर लाइन इज नाउ सीन’ ही दोन्ही वाक्यं रिपोर्टमध्ये शोभतात, त्यामुळे संदर्भाचा आधार कुठल्याच बाजूला झुकत नाही. पहिल्या वाक्याचा अर्थ हाड मोडल्याची रेघ दिसत नाही, दुसऱ्याचा अर्थ ती आता दिसू लागली आहे. मला ही चूक ‘नो’ गळण्यापेक्षाही वाईट वाटते. गळलेल्या शब्दाची निदान पोकळी तरी कधीकधी जाणवते, इथे पोकळीच राहत नाही.

बाजूची चूक मात्र बहुतेक वेळा यंत्राची नसते. ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ हे शब्द आवाजाने इतके वेगळे आहेत की प्रोग्राम त्यांची अदलाबदल सहसा करत नाही. जे तोंडातून निघालं तेच त्याने लिहिलेलं असतं. चूक तोंडातून निघण्याआधीच झालेली असते. सीटीचे आडवे काप बघायची सर्वमान्य पद्धत अशी, की जणू रुग्ण उताणा झोपलाय आणि आपण त्याच्या पायांकडे उभं राहून वर बघतोय. म्हणजे रुग्णाची डावी बाजू पडद्यावर आपल्या उजव्या हाताला येते. छातीचा एक्स-रेही आपण समोरासमोर उभं राहिल्यासारखा लावतो. हे उलटं भाषांतर मन दिवसभर, शेकडो वेळा, न सांगता करत असतं. एखाद्या वेळी फोन वाजतो, कुणी दारात येऊन काही विचारतं आणि भाषांतर न होताच पडद्यावरची बाजू तोंडात येते.

आमच्या उदाहरणात वर्णन करताना बाजू बरोबर आली आणि निष्कर्षात चुकली. यातही तर्क आहे. वर्णन करताना डोळे चित्रावर असतात, हात माउसवर असतो. निष्कर्ष बोलताना चित्र पुढे सरकलेलं असतं, माणूस आठवणीतून बोलतो आणि नुकताच उजव्या किडनीबद्दल बोलून झालेला असतो. जिभेवर ‘राइट’ रेंगाळत असतो. आणखी एक वाट म्हणजे जुना रिपोर्ट किंवा तयार साचा उघडून त्यात बदल करणं. साच्यात आधीच्या रुग्णाची बाजू राहून गेली, तर ती कुणी बोललेलीच नसते. त्यामुळे ती आपली चूक आहे असं वाचताना वाटतही नाही.

मग प्रश्न असा, की सही करण्यापूर्वी तोच डॉक्टर रिपोर्ट वाचतो ना? वाचतो. पण आपण नुकतंच जे बोललो ते वाचताना डोळा अक्षरं वाचत नाही, अर्थ ओळखतो. मनात ‘नो हायड्रोनेफ्रोसिस’ पक्कं बसलेलं असतं, पडद्यावर ‘हायड्रोनेफ्रोसिस’ दिसतं आणि मन ‘नो’ स्वतःच भरून घेतं. ही बेफिकिरी नाही, वाचनाची स्वाभाविक रीतच अशी आहे. ‘नीट लक्ष देऊन वाचा’ असं परिपत्रक काढून तिच्यात काडीचा फरक पडत नाही, असं माझं ठाम मत आहे. २०११ साली टोरांटोमधल्या संशोधकांनी स्तनांच्या तपासण्यांचे सहाशेहून अधिक रिपोर्ट तपासले. आवाज ओळखणाऱ्या प्रोग्रामने तयार झालेल्या रिपोर्टांपैकी २३ टक्क्यांत निदान एक मोठी चूक निघाली. टायपिस्टकडून गेलेल्या रिपोर्टांत हे प्रमाण ४ टक्के होतं. डॉक्टर दोन्हीकडे सहीपूर्वी वाचतच होते. मधून काय गेलं होतं? तो रिपोर्ट पहिल्यांदाच वाचणारा, आणि म्हणून मनातून शब्द न भरणारा दुसरा माणूस.

म्हणून जे विभाग हे काम गंभीरपणे करतात, ते वाचनाचेच तुकडे करतात. एकदा अर्थासाठी वाचायचं, एकदा फक्त बाजूसाठी आणि एकदा फक्त नकारासाठी. ऐकायला लांबण वाटते, पण एका पानाच्या रिपोर्टला फार जास्त वेळ लागत नाही, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत सगळं वाचायचंच नसतं.

बाजूच्या फेरीत इम्प्रेशनपासून सुरुवात करून वर जायचं. जिथे ‘लेफ्ट’ किंवा ‘राइट’ येईल तिथे थांबायचं, चित्रात ती जागा पुन्हा उघडायची आणि पडद्यावर असलेलं L किंवा R हे अक्षर बघायचं. मग तपासणीच्या मागणीपत्रात रुग्णाची तक्रार कोणत्या बाजूची आहे ते ताडून घ्यायचं. खालून वर जाण्याचा फायदा असा, की वाक्यांचा ओघ तुटतो आणि मनाला पुढचा शब्द आधीच ओळखता येत नाही. मोठ्याने वाचलं तरी तसाच फायदा होतो. काही ठिकाणी संगणकाला रिपोर्ट वाचून दाखवायला सांगतात आणि डॉक्टर चित्राकडे बघत ऐकतात. डोळा जे भरून काढतो ते कान भरून काढत नाही.

नकाराच्या फेरीत एक खूण फार उपयोगी पडते आणि ती शिकवायला मला मनापासून आवडतं. इंग्रजीत काही शब्द नकाराच्या सावलीतच वाढतात. ‘नो हायड्रोनेफ्रोसिस ऑर कॅल्क्युलस’ यात ‘ऑर’ स्वाभाविक आहे. पण दोन्ही गोष्टी खरोखर सापडल्या असत्या तर डॉक्टर ‘अँड’ म्हणाला असता. म्हणजे ‘हायड्रोनेफ्रोसिस ऑर कॅल्क्युलस’ या ओळीत ‘नो’ नाही, पण तो इथे होता हे ‘ऑर’ सांगून जातो. ‘एनी’ आणि ‘आयदर’ यांचंही तसंच. पोरके पडलेले हे शब्द दिसले की समजायचं, यांचा नकार हरवलाय. दुसरी खूण मापांची. खरोखर सापडलेल्या गोष्टीला रिपोर्टमध्ये आकार असतो, नेमकी जागा असते, निष्कर्षात उल्लेख असतो. एखाद्या आजाराचं नाव आकाराशिवाय, जागेशिवाय, एकटंच उभं असेल आणि इम्प्रेशनमध्ये त्याचा पत्ताही नसेल, तर बहुधा तो आजार नाहीच, फक्त ‘नाही’ गळलाय.

पकडण्याआधी चूक होऊच नये यासाठीही बोलण्याची ढब बदलता येते. सोपी सवय म्हणजे बटण दाबून श्वासभर थांबणं आणि मग बोलणं. दुसरी, नकाराला वाक्याच्या टोकावरून आत आणणं. ‘नो फ्रॅक्चर’ऐवजी ‘द बोन्स आर इन्टॅक्ट’ म्हटलं तर गळण्यासारखं काही उरत नाही. ‘इन्टॅक्ट’ गळला तर वाक्य उघडउघड मोडतं. ‘द लंग्ज आर क्लिअर’ हेही असंच सुरक्षित वाक्य. सगळीकडे ही युक्ती चालत नाही, कारण काही आजार नाहीत असं नाव घेऊनच सांगावं लागतं. तिथे काही जण ‘न्यूमोथोरॅक्स: नन’ असं लिहितात. आधी प्रश्न, मग उत्तर. उत्तर गळलं तर रिकामी जागा डोळ्यांत भरते.

तयार साचे हा याच विचाराचा पुढचा टप्पा. साच्यात प्रत्येक अवयवाची ओळ ठरलेली असते आणि ‘नो हायड्रोनेफ्रोसिस’ आधीच टाइप केलेलं असतं, म्हणजे माइकचा संबंधच येत नाही. पण एक चूक घालवताना साचा दुसरी जन्माला घालतो. किडनी फुगलेली असताना डॉक्टर नवं वाक्य बोलतो आणि साच्यातलं जुनं ‘नो हायड्रोनेफ्रोसिस’ खोडायचं राहतं. मग एकाच परिच्छेदात किडनी फुगलेली असते आणि नसतेही. मला तरीही साचा बरा वाटतो, कारण परस्परविरोध वाचणाऱ्याला अडवतो आणि तो फोन करून विचारतो. गळलेला ‘नो’ कुणालाच अडवत नाही.

आता संगणकाकडून काय मदत होते ते पाहू. सहीचं बटण दाबल्यावर रिपोर्ट बाहेर जाण्याआधी तपासणारे प्रोग्राम असतात. त्यांचं मुख्य काम तीन ठिकाणच्या बाजू जुळवण्याचं: मागणीपत्रातली, वर्णनातली आणि इम्प्रेशनमधली. मागणी डाव्या गुडघ्याच्या एमआरआयची आणि रिपोर्टमध्ये ‘राइट मेनिस्कस’ आला, की प्रोग्राम सही थांबवून विचारतो. स्त्रीच्या रिपोर्टमध्ये प्रोस्टेट आली किंवा मिलिमीटरच्या जागी सेंटिमीटर पडून खडा किडनीएवढा झाला, तर तेही तो दाखवू शकतो.

पण नुसते शब्द मोजून हे जमत नाही. छातीच्या रिपोर्टमध्ये ‘लेफ्ट व्हेंट्रिकल’ हे हृदयाच्या कप्प्याचं नाव आहे. ते आजार उजवीकडे असतानाही येणारच. डाव्या गुडघ्याच्या रिपोर्टमध्ये तुलनेसाठी उजव्याचा उल्लेख रास्त असतो. शिवाय ‘लेफ्ट’ म्हणजे ‘उरलेलं’ही होतं. अशा प्रत्येक ठिकाणी प्रोग्राम ओरडू लागला, तर आठवड्याभरात डॉक्टर इशारा न वाचताच पुढे जायला शिकतो आणि मग खरा इशाराही तसाच जातो. म्हणून चांगला प्रोग्राम बाजू आणि अवयव यांची जोडी बघतो: ‘राइट’ कशाला लागलाय, आणि त्याच गोष्टीला दुसरीकडे ‘लेफ्ट’ लागलाय का? त्याने थोड्याच वेळा बोलावं, पण बोलला तर ऐकावंसं वाटावं. विभागाला हे तपासता येतं. दर महिन्याला किती इशारे आले आणि त्यांतल्या कितींवर रिपोर्ट खरोखर बदलला, एवढं मोजलं तरी पुरतं.

आपला मूतखड्याचा रिपोर्ट या चाळणीतून नेऊ. मागणी पोटाच्या सीटीची आहे. त्या नावात बाजूच नाही, त्यामुळे मागणीपत्राशी जुळवणी गप्प राहते. वर्णनातला खडा ‘लेफ्ट युरेटर’मध्ये आणि इम्प्रेशनमधला ‘राइट युरेटर’मध्ये, ही विसंगती जोडी बघणाऱ्या प्रोग्रामला सापडते. खालून वर वाचणाऱ्या माणसालाही पहिल्याच ओळीला चित्र उघडल्यावर सापडते. ‘हायड्रोनेफ्रोसिस ऑर कॅल्क्युलस’ प्रोग्राममधून निसटण्याची शक्यता बरीच आहे. पण माणसाला पोरका ‘ऑर’ दिसतो, आकार नाही हे दिसतं आणि तो थांबतो.

पण समजा, वर्णनातही डॉक्टर ‘राइट’च म्हणाला असता. मग रिपोर्ट आतून अगदी सुसंगत झाला असता. मजकुराची कुठलीही तपासणी, माणसाची असो वा संगणकाची, तिथे आंधळी होते. वाचवू शकतात त्या दोनच गोष्टी: मूळ चित्र, आणि मागणीपत्रात कुणीतरी लिहिलेलं ‘डाव्या कुशीत दुखतंय’. म्हणूनच तपासणीला पाठवणाऱ्या डॉक्टरने नुसतं ‘पोटदुखी’ न लिहिता बाजू लिहिणं फार मोलाचं असतं. शस्त्रक्रियेच्या खोलीतही बाजू ताडून बघण्याची पद्धत आहे. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ पासून शस्त्रक्रियेआधी जागेवर खूण करणं आणि सगळ्यांनी थांबून खात्री करणं सक्तीचं केलं. पण ती खात्री चुकीच्या रिपोर्टशीच ताडून केली, तर चुकीवरच शिक्का बसतो. चित्र उघडून बघणं आणि रुग्णाला ‘कुठे दुखतं?’ विचारणं, यांना पर्याय नाही.

चूक सहीनंतर सापडली तर रिपोर्ट गुपचूप बदलायचा नसतो. तोपर्यंत तो कुणीतरी वाचलेला असू शकतो. मूळ मजकूर तसाच ठेवून त्याला पुरवणी जोडतात, तिला अॅडेंडम म्हणतात. रुग्णालयांचे संगणक एकमेकांना रिपोर्ट पाठवताना सोबत स्थितीचं एक अक्षर पाठवतात: कच्च्या रिपोर्टला P, अंतिमला F आणि दुरुस्त केलेल्याला C. पण अक्षर बदललं म्हणून वॉर्डातल्या डॉक्टरने रिपोर्ट पुन्हा उघडला असं होत नाही. बाजू किंवा नकार बदलला असेल तर फोन करावाच लागतो.

या पुरवण्या कारणानुसार मोजल्या तर विभागाला आपल्या चुकांचा अंदाज येतो, अर्थात फक्त सापडलेल्या चुकांचा. न सापडलेल्यांसाठी महिन्याला काही रिपोर्ट चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि ज्याने ते लिहिले नाहीत अशाने ते चित्रांसकट वाचायचे. चूक कुणाची, हे या बैठकीत विचारू नये असं मला वाटतं. ती कुठून आली हे मात्र जरूर विचारावं. बटणातून, साच्यातून, की मध्येच वाजलेल्या फोनमधून? फोनमधून आली असेल, तर डिक्टेशनच्या खोलीतला फोन दुसऱ्या कुणाकडे वळवणं हाच उपाय आहे.

रुग्णाच्या हातात रिपोर्ट आला, तर त्यालाही एवढं करता येतं: इम्प्रेशनमधली बाजू आपल्या दुखण्याच्या बाजूशी आणि वरच्या वर्णनाशी जुळते का ते पाहावं. जुळत नसेल तर स्वतः पेनाने खाडाखोड न करता ज्या विभागाने रिपोर्ट दिला तिथे जाऊन लेखी दुरुस्ती मागावी. कधीकधी दुखणं एका बाजूला आणि दोष दुसऱ्या बाजूला सापडतो, तेव्हा विचारणं म्हणजे आरोप करणं नव्हे.

आपल्या रुग्णाच्या रिपोर्टला जोडायची पुरवणी साधारण अशी असेल: ‘आधीच्या इम्प्रेशनमध्ये उजवी मूत्रवाहिनी असं छापलं गेलं, ती डावी वाचावी. खडा डाव्या मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी आहे. उजव्या किडनीत खडा किंवा फुगवटा नाही. चित्रं पुन्हा पाहून खात्री केली आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोनवर कळवलं आणि त्यांच्याकडून बाजू परत म्हणवून घेतली.’ खाली तारीख, वेळ, सही.